काचेमागे चिठ्ठी नाही

[दृश्य: नेदरलँड्स, उट्रेख्त शहरातली लोम्बोक वस्ती. सकाळची वेळ. विटांच्या घरांपुढे एकामागे एक लावलेल्या गाड्या. कॅमेरा काचांवरून सरकत जातो.]

या गाड्यांच्या काचा नीट बघा. एकीच्याही मागे पार्किंगची चिठ्ठी नाही. रस्त्यावर गाडी लावायला इथे पैसे पडतात, आणि बहुतेकांनी ते भरलेलेही आहेत. फक्त त्याचा पुरावा गाडीत नसतो, तो एका नोंदवहीत असतो.

पार्किंगच्या अ‍ॅपवर आपण बटण दाबतो तेव्हा तीन गोष्टी पुढे जातात: गाडीचा नंबर, झोनचा कोड आणि सुरू झाल्याची वेळ. वाहनांची नोंदणी सांभाळणारी आरडीडब्ल्यू ही सरकारी संस्था पार्किंगची एक राष्ट्रीय नोंदवही चालवते. आपल्या या तीन गोष्टी तिथे जाऊन बसतात. मग रस्त्यावरून स्कॅनऑटो फिरते, म्हणजे टपावर कॅमेरे लावलेली तपासणीची गाडी. ती नंबरपाट्या वाचत जाते आणि प्रत्येक नंबरासाठी एकच गोष्ट विचारते: या गाडीची, या भागातली, आत्ताच्या वेळेची नोंद आहे का? तुम्ही पैसे भरले होते की नाही, हे तिला माहीत नसतं. जे टाइप झालं तेवढंच तिला दिसतं.

[दृश्य: पिवळी नंबरपाटी, अगदी जवळून. शेजारी फोन धरलेला हात.]

घड्याळात १० वाजून १२ मिनिटं झाली आहेत. आम्ही आत्ताच गाडी लावली. अ‍ॅपमध्ये Kenteken असं लिहिलेली चौकट आहे. केंटेकन म्हणजे गाडीचा नंबर. पाटीवर मधे आडव्या रेघा असतात, त्या टाकल्या नाहीत तरी चालतं. अक्षरं आणि आकडे मात्र चुकता कामा नयेत.

डच पाटी वाचायची एक युक्ती सांगते. रेघांनी पाडलेल्या प्रत्येक गटात एकतर फक्त अक्षरं असतात, नाहीतर फक्त आकडे. त्यामुळे आकड्यांच्या गटात बी असल्यासारखं वाटलं तर तो आठ असतो, आणि डी असल्यासारखं वाटलं तर तो शून्य. शिवाय नेहमीच्या खासगी गाड्यांच्या आताच्या मालिकांत इंग्रजी स्वर घेतच नाहीत, म्हणजे ओ हे अक्षर येण्याचा प्रश्नच नाही. भाड्याने घेतलेल्या गाडीला जर्मन पाटी असेल तर नंबराबरोबर देशही बदलावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

पण खरी गफलत टाइप करताना फार कमी होते. ती होते टाइप न केल्यामुळे. माझ्या घरी दोन गाड्या होत्या आणि दोन्हींचे नंबर एकाच खात्यात साठवलेले होते. एका शहरात मी लहान गाडी घेऊन गेले, अ‍ॅप उघडलं, Start दाबलं आणि कामाला लागले. वर मोठ्या गाडीचा नंबर निवडलेला होता, आदल्या आठवड्यापासूनचा. दोन तासांचे पैसे मी भरले ते घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचे. काही दिवसांनी टपालाने पत्र आलं.

[दृश्य: टेबलावर उघडलेलं पाकीट.]

या पत्राला नाहेफिंग्सआन्स्लाख म्हणतात. लोक त्याला दंड म्हणतात, पण कायद्याने तो दंड नाही. रस्त्यावरचं पार्किंग हा इथे नगरपालिकेचा कर आहे, आणि हे पत्र म्हणजे न भरलेल्या कराची मागणी: साधारणपणे एका तासाचा कर, आणि वर वसुलीचा खर्च. हा खर्चच मोठा असतो. कर असल्यामुळे त्यावर हरकत घेता येते, मुदत सहा आठवड्यांची. मी अ‍ॅपमधली पावती जोडली. त्याच शहरात, त्याच वेळी, माझ्याच दुसऱ्या गाडीच्या नावावर पैसे जमा झालेले त्यात स्पष्ट दिसत होते. मागणी रद्द झाली. पण सगळीकडे असंच होईल असं समजू नका, कारण नंबर बरोबर देण्याची जबाबदारी आपलीच असते. तेव्हापासून मी गाडीच्या मागे उभी राहते, पाटी मोठ्याने वाचते, आणि मगच बटणाला हात लावते.

[दृश्य: पदपथावरचा पार्किंगचा फलक, त्यावरचा झोनचा आकडा.]

आता झोन. हा चार-पाच आकड्यांचा कोड फलकावर किंवा पैसे भरायच्या यंत्रावर लिहिलेला असतो. अ‍ॅप फोनच्या जागेवरून तो स्वतःच सुचवतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. अडचण येते ती सीमेवरच्या रस्त्यावर. समोरची बाजू वेगळ्या झोनमध्ये असू शकते, आणि उंच घरांच्या गल्लीत फोनचा अंदाज रस्त्याच्या पलीकडे सहज जातो. म्हणून कोड फलकावरचाच घ्या, आणि तोही तुमची गाडी ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या फलकावरचा. कोड टाकला की अ‍ॅप भागाचं नाव आणि दर दाखवतं. ते नाव वाचा. दोन आकडे उलटसुलट झाले असतील तर तिथे भलत्याच वस्तीचं, कधी भलत्याच शहराचं नाव दिसेल, आणि चूक तिथल्या तिथे सापडेल.

[दृश्य: फोनवर मिनिटं मोजणारं घड्याळ.]

Start दाबलं. घड्याळ चालू झालं. हे सगळं गाडीपाशी उभं राहूनच करायचं. पैसे भरायला लागतो तेवढा वेळ कायद्याला मान्य आहे, पण आधी भाजी आणि मग अ‍ॅप, याला सवलत नाही.

थांबवण्याचे दोन प्रकार आहेत. घड्याळ मोकळं सोडायचं आणि परत आल्यावर Stop दाबायचं, किंवा संपण्याची वेळ आधीच लावून ठेवायची. हिशोब करून बघू. दर तासाला ४ युरो आणि आकारणी मिनिटावर, असं धरा. आम्ही १० वाजून ५९ मिनिटांनी परत आलो तर ४७ मिनिटांचे ३ युरो १३ सेंट होतात. अ‍ॅपवाल्यांचं शुल्क असलं तर ते वेगळं. पण थांबवायचं विसरून तसेच घरी गेलो आणि दुपारी ३ वाजता आठवण झाली, तर २८८ मिनिटांचे १९ युरो २० सेंट. गाडी निघून गेली हे नोंदवहीला आपोआप कळत नाही.

वेळ लावून ठेवली तर हा तोटा होत नाही, पण उलटा धोका असतो. सव्वाअकराची वेळ लावली आणि दुकानात रांग लागली, तर सव्वाअकरानंतर तुमच्या गाडीची नोंदच नाही. वेळ संपत आल्याची सूचना फोनवर येते आणि रांगेत उभ्या उभ्या वेळ वाढवता येते, पण त्यासाठी फोनमध्ये जीव हवा. म्हणून मी साधारण अंदाजापेक्षा अर्धा तास पुढची वेळ लावते आणि लवकर आले तर Stop दाबते. मिनिटावर आकारणी असेल तिथे उरलेल्या वेळेचे पैसे लागत नाहीत.

[दृश्य: दुकानाबाहेर, हातात कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी. फोन खिशातच.]

आणि एक चूक हमखास होते. बिल देतानाच, गाडी अजून दोन गल्ल्या लांब असताना, लोक Stop दाबून मोकळे होतात. चालत जायची ती चार मिनिटं गाडी उभीच असते, आणि नोंद मात्र बंद झालेली असते.

आम्ही गाडीत बसतो. पिशवी मागच्या सीटवर. दार बंद. आता Stop. पडद्यावर संपल्याची वेळ उमटेपर्यंत थांबायचं, कारण नेटवर्क अडखळलं तर बटण दाबलं जातं पण सत्र चालूच राहतं.

१० वाजून ५९ मिनिटं. ३ युरो १३ सेंट. आरशात कोपऱ्यावरून वळणारी पांढरी गाडी दिसते, टपावर कॅमेरे. आम्ही डावा सिग्नल देतो आणि तिला आधी जाऊ देतो.