स्कोअर उतरतो, पण वाक्य बिघडतं

मजकूर एआयने लिहिलाय का हे सांगणारे बरेच डिटेक्टर अर्थाकडे बघतच नाहीत. ते बघतात की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. भाषेचं मॉडेल बहुतेक वेळा जास्त शक्यता असलेलेच शब्द घेतं, त्यामुळे त्याचा मजकूर अंदाजात बसतो आणि तसा दिसला की एआयने लिहिल्याचा स्कोअर वर जातो.

आता पॅराफ्रेझिंग टूल काय करतं, तर शब्द बदलतं, क्रम बदलतं, आणि अंदाज चुकायला लागतात. २०२३ मध्ये अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स अ‍ॅमहर्स्ट आणि गूगलच्या संशोधकांनी डिपर नावाचं पॅराफ्रेझर बनवून हे मोजलंच. माणसाच्या लेखनावर चुकून आळ येण्याचं प्रमाण १ टक्क्यावर बांधून ठेवलं, तेव्हा डिटेक्टजीपीटी नावाचा डिटेक्टर एआयचा ७०.३ टक्के मजकूर पकडत होता, आणि तोच मजकूर डिपरमधून फिरवून आणल्यावर फक्त ४.६ टक्के पकडला गेला.

पण डिपर ११ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल आहे, आजूबाजूची वाक्यं लक्षात घेऊन लिहितं, म्हणून त्याचं लिखाण बऱ्यापैकी नीट वाचता येतं. साध्या टूलचं तसं नाही, ती एकेक शब्द उचलून जवळचा दुसरा शब्द बसवतात, आणि खरी गडबड इथेच होते, कारण काही शब्द अंदाजात बसतात ते लिहिणारा आळशी म्हणून नाही, तर तिथे तोच शब्द बरोबर असतो म्हणून. इंग्रजीत ब्रेस्टच्या पुढे कॅन्सरच येणार ना! टूलला मात्र आळसाने आलेला शब्द आणि तिथे बरोबर असलेला शब्द सारखेच दिसतात, ते दोन्ही बदलतं. म्हणजे स्कोअर ज्या कारणाने उतरतो, त्याच कारणाने वाक्य बिघडतं.

याचे नमुने छापूनही आलेत. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ पासून शोधनिबंधांतून असे शब्दप्रयोग गोळा केले. ब्रेस्ट कॅन्सरचं झालं होतं 'बुझम पेरिल', आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', सिग्नल टू नॉइजचं 'फ्लॅग टू क्लॅमर'. तिथे चुकवायचं होतं ते बहुधा कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर, पण युक्ती हीच. कॅन्सरवरचं संशोधन वाचणाऱ्या डॉक्टरपुढे असं काही येणं मला फार गंभीर वाटतं, त्याने यातून काय समजायचं?

दुसरं बिघडतं ते हळू बिघडतं आणि लवकर लक्षात येत नाही. मूळ लेखात एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव असतं, टूल प्रत्येक वाक्यात नवीन नाव देतं, मग वाचणाऱ्याला वाटतं की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'म्हणून' जाऊन तिथे नुसतं 'आणि' येतं आणि कारण हरवतं. एकेकटं वाक्य वाचलं तर ठीक वाटतं, परिच्छेद सलग वाचला की मुद्दा हातात येत नाही.

काबानाक यांच्या प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर या सॉफ्टवेअरमध्ये हे असले शब्दप्रयोगच आता संशयास्पद निबंध शोधायला वापरतात, म्हणजे पकडलं जाऊ नये म्हणून जे बदललं, त्याच्यावरूनच निबंध सापडतात.