खिडकीबाहेरचं ऊन आणि अंजनेरी

(नाशिकमधल्या इंटिरियर डिझायनर आणि थ्रीडी व्हिज्युअलायझर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हॉलचं रेंडर उत्तम झालेलं असतं. सोफ्याचं कापड, फरशीची चमक, पडद्याच्या चुण्या, सगळं जागच्या जागी. तरीही खिडकीकडे नजर गेली की वाटतं, काचेमागे कुणीतरी कॅलेंडर चिकटवलंय. असं का वाटतं, हे शोधायला एकच गोष्ट तपासा. बाहेरचं उन्हातलं हिरवं पान आणि आतली सावलीतली पांढरी भिंत, यातलं जास्त उजळ काय आहे? भिंत उजळ दिसत असेल तर चूक तिथेच आहे.

आकड्यांत बघू. भर उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. आपल्या हॉलमध्ये, खिडकीपासून थोडं आत, दिवसा तीनशे लक्स मिळाले तरी खोली छान उजळ वाटते. पांढरी भिंत त्यातला ऐंशी टक्के प्रकाश परत फेकते, झाडी जेमतेम दहा-बारा टक्के. एवढा गडद रंग असूनही उन्हातली झाडी त्या भिंतीपेक्षा पन्नासएक पट उजळ निघते. कॅमेऱ्याच्या भाषेत साडेपाच स्टॉप. म्हणून खोलीसाठी एक्सपोजर लावलं की खऱ्या फोटोत खिडकी पांढरीफटक पडते. आपला डोळा मात्र आत-बाहेर बघताना सतत जुळवून घेतो, त्यामुळे हा फरक आपल्या लक्षातच येत नाही.

आता आपण काय करतो? बाहेरचा एक फोटो घेतो, खिडकीमागे एक प्लेन उभं करतो, त्याला Emission मटेरियल देतो आणि Strength 1 ठेवून मोकळे होतो. मी ब्लेंडरची नावं घेतोय, पण तत्त्व कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तेच. फोटोतल्या उन्हातल्या पानाची लिनिअर किंमत साधारण 0.12 असते. तुमची भिंत एक्सपोजर लावल्यावर 0.5च्या आसपास बसलेली असते. म्हणजे पान भिंतीच्या चौपट काळं! डोळ्याला हे कळतं, फक्त कारण सांगता येत नाही.

Strength 8 करून बघा, म्हणजे तीन स्टॉप वर. पान 0.96 ला येतं, भिंतीच्या जवळजवळ दुप्पट. पन्नास पट नाही झालं, आणि चित्रासाठी तेवढं करूही नये, कारण मग बाहेरचं काही उरत नाही. अनुभवी इंटिरियर फोटोग्राफरही आतला प्रकाश वाढवून किंवा दोन एक्सपोजर एकत्र करून हे अंतर असंच कमी करतात. दोन-तीन स्टॉपच्या पट्ट्यात ऊन ऊन वाटतं आणि डोंगरही दिसतो. आभाळ या वेळी पांढरट होईल. होऊ द्या. ते निळंगर्द करायचा मोह झाला की पुन्हा कॅलेंडर तयार होतं.

आठ हा आकडा पाठ करू नका. तुमचं एक्सपोजर वेगळं असेल तर आकडा वेगळा येईल. पान आणि भिंत यांची तुलना मात्र प्रत्येक वेळी करा.

एक तांत्रिक खोडा इथे हमखास येतो. या प्लेननं फक्त दिसायचं असतं. खोली उजळायचं काम सूर्य आणि आकाशाचं. म्हणून प्लेनच्या Ray Visibility मध्ये Diffuse आणि Shadow बंद करा, नाहीतर तेच प्लेन सूर्याच्या आड येऊन हॉलमधलं ऊन अडवेल. Glossy चालू ठेवा, कारण व्हिट्रिफाइड टाइल्सवर खिडकीचा उजेड पडलेला दिसायलाच हवा. आणि Transmission विसरू नका. काचेला Glass शेडर असेल तर काचेतून जाणारा किरण ट्रान्समिशनचा धरला जातो. ते बंद असेल तर उघड्या पल्ल्यातून डोंगर दिसतो आणि बंद पल्ल्यातून गायब होतो!

आता खोलीकडे, म्हणजे काचेमागच्या अंतराकडे वळू. समजा, गंगापूर रोडवर सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, हॉलची खिडकी पश्चिमेला. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असली की तिथून त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर दिसतात. त्यातला अंजनेरी घेऊ. तो समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर, नाशिक शहर सहाशेच्या आसपास. म्हणजे शहरापेक्षा सातशे मीटर उंच, अंतर साधारण वीस किलोमीटर. सातशे भागिले वीस हजार, 0.035. कॅमेरा खिडकीपासून चार मीटर आत असेल तर काचेवर अंजनेरीची उंची किती? चार मीटर गुणिले 0.035, म्हणजे चौदा सेंटिमीटर. वीतभरही नाही! आपण मात्र तो अर्धी खिडकी व्यापेल एवढा मोठा करून ठेवतो, आणि मग त्र्यंबकचा डोंगर सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहतो.

प्लेनचा आकारही अंदाजाने ठरवायचा नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्सने आडवा काढलेला फोटो असेल, तर 36 भागिले 50 करा आणि अंतराने गुणा. प्लेन शंभर मीटरवर ठेवलं तर रुंदी बहात्तर मीटर. एवढं केलं की डोंगर आपोआप आपल्या मापात येतो.

मग क्षितिज. कॅमेरा सरळ धरलेला असेल आणि फरशीपासून 1.2 मीटरवर असेल तर खिडकीतही क्षितिज त्याच उंचीवर येणार, मजला कुठलाही असो. मजला कळतो तो क्षितिजाच्या खाली काय आहे त्यावरून. सातव्या मजल्यावर डोळा जमिनीपासून वीसेक मीटर वर असतो. बारा मीटरचं कडुलिंबाचं झाड पूर्ण क्षितिजाच्या खाली राहतं. शेजारच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या वरून दिसतात. रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत झाडाचे शेंडे आभाळात जातात आणि सातवा मजला खोटा ठरतो. असा फोटो वर-खाली सरकवून सुधारत नाही, तो गच्चीवरूनच काढावा लागतो.

क्लायंटला दोन अँगल हवे असतील किंवा वॉकथ्रू असेल तर प्लेन किती लांब आहे हे लगेच उघडं पडतं. कॅमेरा काचेपासून चार मीटरवर ठेवून एक मीटर बाजूला सरकवा. अंजनेरीही खिडकीच्या चौकटीच्या तुलनेत जवळजवळ पूर्ण मीटरभर सरकायला हवा. प्लेन काचेमागे दोन मीटरवर असेल तर तो फक्त तेहतीस सेंटिमीटर सरकतो. शंभर मीटरवर असेल तर शहाण्णव, हे पुरेसं आहे. पण दहा मीटरवरचं झाड एकाहत्तर सेंटिमीटरच सरकणार, म्हणून ते त्या फोटोत असून चालत नाही. जवळची झाडं आणि बाल्कनीची ग्रिल खरी मॉडेल करा, फोटोत फक्त दूरचं ठेवा. सरकण्यातला हा फरकच डोळ्याला अंतर सांगतो.

पुष्कळजण अंतर दाखवायला बाहेरचं सगळं ब्लर करतात. तसं करू नका. हॉलचा फोटो रुंद लेन्सने, एफ/8 वगैरे अ‍ॅपर्चरला काढलेला असतो, त्यात खिडकीबाहेरचंही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. दूरचा डोंगर मऊ दिसतो तो मधल्या हवेमुळे. त्याच्या काळ्या सावल्यांत हवेचा निळसर उजेड मिसळतो. कपारी काळ्याकुट्ट दिसत असतील तर डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो.

वेळही जुळवा. पश्चिमेची खिडकी, सकाळचे नऊ: डोंगरावर समोरून ऊन, हॉलमध्ये थेट ऊन नाही. संध्याकाळी पाचला ऊन आत फरशीवर येतं आणि तोच डोंगर आभाळासमोर गडद आकृती होतो. दोन्हींचं मिश्रण एका चित्रात होत नाही. काचेचंही तसंच. साधी काच समोरून साधारण आठ टक्के प्रकाश परावर्तित करते. दुपारी बाहेरच्या उजेडापुढे खोलीचं ते प्रतिबिंब दिसतच नाही, म्हणून दिवसाच्या रेंडरमध्ये काचेत सोफा चमकवू नका. दिवे लागल्यावर उलट होतं. बाहेर काळोख, आत झुंबर, आणि काचेत पूर्ण हॉल दिसतो. तेव्हा डोंगराचं प्लेन काढून टाकलं तरी चालेल, गंगापूर रोडवरचे दिवे मात्र ठेवा.