खरेदीखत सहीला जायच्या आधी

मंडळी, आज मी फक्त खरेदीखताबद्दल बोलतो, कारण नाव, तारीख आणि रक्कम तिन्हीच्या चुका त्यात हमखास सापडतात. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आजूबाजूला मसुदे टाइप होतात ना, ते बरेचदा जुन्याच फाइलवर होतात, मागच्या पार्टीचं खत उघडलं, नावं बदलली अन् सेव्ह केलं. म्हणून वाचायला बसायच्या आधी Ctrl+F मारा आणि मागच्या पार्टीचं आडनाव, मागचा प्लॉट नंबर, मागचं वर्ष शोधा. एखादं तरी कुठेतरी लपून राहते.

मग नावं. वानखेडे आणि वानखडे, दोन्ही आडनावं आपल्याकडे आहेत, म्हणून स्पेलचेक काही बोलत नाही अन् डोळाही सवयीने पुढे जाते. एकाने आधार-पॅनवरून अक्षर अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मसुद्यावर पेन्सिल फिरवायची. सुरुवात शेवटच्या पानापासून करा, कारण पहिलं पान सगळेच नीट पाहतात, चूक राहते ती सहीच्या खालच्या नावात नाहीतर साक्षीदारांच्या रकान्यात.

आता रक्कम, इथे मला जरा थांबायचं आहे. समजा हिंगण्याकडचा प्लॉट आहे, किंमत 18,75,000. इसार 2,00,000, आरटीजीएसने 6,57,000, बाकी चेकने 10,00,000. वाचून सगळं बरोबर वाटते नं? पण बेरीज करा, 18,57,000 येते. फरक 18,000, आणि त्याला 9 ने पूर्ण भाग जातो. असा फरक दिसला की आधी हाच संशय घ्या की शेजारचे दोन आकडे उलटे टाइप झाले, इथे 75 चे 57 झाले. बँकेच्या स्टेटमेंटवर 6,75,000 आहे का ते पाहून मगच दुरुस्त करा, अंदाजाने नाही. मात्र एखादं शून्य कमी पडलं तरी फरकाला 9 ने भाग जाते, म्हणून ही फक्त खूण आहे, पुरावा नाही. अक्षरी रक्कम वेगळी वाचा, आकड्याकडे न पाहता, नाहीतर आपण आकडाच मनात म्हणत राहतो.

तारखा एकाखाली एक लिहून काढा, इसार, आरटीजीएस, चेक, खत. क्रमाने लावल्या की विसंगती लगेच दिसते, खत 12 मार्चचं अन् "मिळालेला" चेक 21 मार्चचा, म्हणजे कुठलातरी आकडा उलटला, नाहीतर चेक खरंच पुढच्या तारखेचा आहे आणि मग "मिळाला" हे वाक्यच बदलावं लागते. महिना अक्षरात लिहा, 04/05 म्हटलं की कोणी एप्रिल वाचते कोणी मे.

हे सगळं प्रिंटवर करा. नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर चूकदुरुस्ती पत्र करावं लागते, त्यावर विकणाऱ्याचीही सही लागते, आणि पैसे घेऊन गेलेला माणूस पुन्हा दुय्यम निबंधकाकडे यायला लवकर तयार होत नाही. दुरुस्ती केल्यावर नवी प्रिंट काढली की बेरीज पुन्हा करा, कारण घाईत एक आकडा सुधारताना कधी कधी शेजारचा बिघडते.