बेरीज १८०, सप्लाय ५०

[पडद्यावर: नागपुरातल्या एका पॉलिटेक्निकची इलेक्ट्रिकल लॅब. टेबलावर डिमरस्टॅट, ऱ्हिओस्टॅट, चोक कॉइल, कपॅसिटर आणि मीटर.]

निवेदन:

डिमरस्टॅटवर ५० व्होल्ट लावलेत, फ्रिक्वेन्सी घरात येते तीच, ५० हर्ट्झ. पुढे एकामागोमाग एक तीन वस्तू जोडल्या आहेत. पहिला ४० ओहमला लावलेला ऱ्हिओस्टॅट, दुसरी चोक कॉइल, तिसरा कपॅसिटर. अँमीटर ०.८६ अँपिअर दाखवतो. आता प्रत्येकाच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावून बघू. ऱ्हिओस्टॅटवर ३४ व्होल्ट, कॉइलवर ८६, कपॅसिटरवर ६०.

बेरीज १८०. आणि सप्लाय फक्त ५०.

"मॅडम, हे तं जुळूनच नाही राहिलं. मीटर बिघडला का?"

मीटर ठीक आहे. बेरीज करायची पद्धत चुकते आहे. हे तीन आकडे एकाच क्षणाचे नाहीत. मीटर आरएमएस मूल्य दाखवतो, म्हणजे लाट किती मोठी ते सांगतो; ती शिखरावर कधी पोचते, हे सांगत नाही.

[पडद्यावर: कागद, पट्टी, कोनमापक. आडवी रेघ ओढली जाते.]

सिरीज सर्किटमध्ये तिन्ही वस्तूंमधून वाहणारा करंट एकच. म्हणून चित्राची सुरुवात करंटपासून करायची. तो आडवा, उजवीकडे. पुष्कळ मुलं सवयीनं सप्लायचा व्होल्टेज आडवा काढतात आणि पुढे अडकतात, कारण त्याचा कोनच तर आपल्याला शोधायचा आहे.

रोधावरचा व्होल्टेज करंटबरोबर चढतो, करंटबरोबर उतरतो. त्याचा बाण करंटच्याच रेघेवर. कॉइलचं तसं नाही. कॉइलवरचा व्होल्टेज करंट किती आहे यावर नाही, तो किती वेगानं बदलतोय यावर ठरतो. करंट शून्यातून वर जाताना बदल सर्वांत वेगवान, म्हणून व्होल्टेज तेव्हाच शिखरावर. करंटचं शिखर त्यानंतर पाव फेरीनं येतं. ५० हर्ट्झला एक फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे ५ मिलिसेकंदांनी. कॉइलचा बाण ९० अंश पुढे, सरळ वर.

कपॅसिटरमध्ये आधी करंट वाहतो, त्यानं चार्ज साठत जातो तसा व्होल्टेज चढतो. तो ५ मिलिसेकंद मागे, बाण सरळ खाली. म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर प्रत्येक क्षणी एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दोघांच्या आकड्यांची बेरीज नाही, वजाबाकी करायची.

आपल्या गावात हे बघायला लॅबमध्ये यायचीही गरज नाही. कूलरच्या पंख्याच्या मोटरमध्ये स्टार्टिंग वाइंडिंग आणि कपॅसिटर असेच सिरीजमध्ये असतात. मोटर २३० व्होल्टची, पण कपॅसिटरवर ४४० व्होल्ट छापलेलं असतं. वाइंडिंगचा व्होल्टेज त्याच्या उलट दिशेला असल्यामुळे कपॅसिटरवर सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज येऊ शकतो. २५० व्होल्टचा स्वस्तातला कपॅसिटर बसवला तर तो लवकर फुगतो.

[पडद्यावर: काटकोन त्रिकोण.]

आता त्रिकोण बांधू. वर ८६, खाली ६०, शिल्लक २६ वर. आडवे ३४. कर्ण काढला तर येतो ४३.

पन्नास नाही, त्रेचाळीस. त्रिकोण बंदच होत नाही.

मॅडमच्या मते खरा प्रयोग इथून सुरू होतो, आणि मलाही तसंच वाटतं. जर्नलमध्ये आकडे 'जुळवून' घेण्याचा मोहही इथंच होतो. सात व्होल्टचा फरक मीटरच्या चुकीत बसत नाही. बाण सरळ वर काढताना आपण एक गोष्ट गृहीत धरली, की कॉइल म्हणजे निव्वळ इंडक्टन्स. पण कॉइल तांब्याच्या लांबलचक तारेची असते आणि तारेला स्वतःचा रोध असतो. सप्लाय बंद करून, कॉइल सुटी करून मल्टिमीटर लावला. १० ओहम.

म्हणजे कॉइलच्या ८६ व्होल्टमध्ये दोन भाग आहेत. ०.८६ अँपिअर गुणिले १० ओहम, ८.६ व्होल्ट, हे आडवे. उरलेला उभा भाग:

√(८६² − ८.६²) = ८५.६ व्होल्ट

कॉइलचा बाण सरळ वर नाहीच, किंचित उजवीकडे झुकलेला आहे, सुमारे ८४ अंशांवर. आता आडवे ३४ आणि ८.६ मिळून ४२.६. उभे ८५.६ वजा ६०, म्हणजे २५.६. कर्ण येतो ४९.७ व्होल्ट. इतका फरक मीटरचा असू शकतो.

याच त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला करंटनं भागलं की ओहमचा त्रिकोण तयार होतो, आकार तोच. एकूण रोध ४० अधिक १०, म्हणजे ५० ओहम. कॉइलचा रिॲक्टन्स सुमारे १००, कपॅसिटरचा ७०, शिल्लक ३०. कर्ण म्हणजे सर्किटचा इम्पिडन्स, Z:

Z = √(R² + (XL − XC)²) = √(५०² + ३०²) = ५८.३ ओहम

ताळा करायचा तर ५० व्होल्ट भागिले ०.८६ अँपिअर, ५८.१.

फेज अँगलसाठी उभी बाजू भागिले आडवी बाजू:

tan φ = ३० / ५० = ०.६, φ ≈ ३१°

कॉइलचा रोध विसरलो असतो तर हाच कोन ३७ अंश आला असता. रिॲक्टन्सची शिल्लक कॉइलच्या बाजूनं आहे, म्हणून करंट सप्लायच्या मागे आहे. दोन चॅनलच्या सीआरओवर ३१ अंश म्हणजे सुमारे १.७ मिलिसेकंदांचं अंतर दिसतं. ते दिसलं तर चित्र बरोबर.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. मल्टिमीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतो. लोखंडी गाभ्याच्या चोकमध्ये गाभा तापतो, तीही ऊर्जा सप्लायमधूनच जाते, आणि एसीवर रोध जास्त भासतो. तिथं कॉइलवर वॉटमीटर लावून, वॉटला करंटच्या वर्गानं भागून रोध काढावा. दुसरं, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जानेवारीत १५ अंशांना मोजलेले १० ओहम मे महिन्यात ४५ अंशांना ११ च्या वर जातात. म्हणून सर्किट थोडा वेळ चालवून, कॉइल गरम असतानाच मोजायचं.

[पडद्यावर: कपॅसिटर बदलला जातो.]

आता कपॅसिटर ४५ ऐवजी ३२ मायक्रोफॅरडचा लावू. त्याचा रिॲक्टन्स १०० ओहम होतो, कॉइलइतकाच. वर आणि खाली सारखंच, त्रिकोण एका आडव्या रेघेत मिटतो. कोन शून्य, इम्पिडन्स ५० ओहम, करंट १ अँपिअर. यालाच रेझोनन्स म्हणतात. कपॅसिटर याहून लहान घेतला की शिल्लक खाली जाते आणि करंट सप्लायच्या पुढे निघतो.

रेझोनन्सवर असताना ऱ्हिओस्टॅट मात्र शून्यावर नेऊ नका. मग रोध उरतो फक्त कॉइलचा, १० ओहम. हिशेबानं ५० व्होल्टच्या सप्लायवर करंट ५ अँपिअर, आणि कपॅसिटरच्या टोकांना ५०० व्होल्ट.