अंबडमधली खोक्यांची थप्पी

(दृश्य: शटर वर जातं. कॅमेरा थप्पीवर.)

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं हे वर्कशॉप. इथले सुटे भाग पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून बाहेर पडतात. ही ती खोकी, भिंतीला लागून थेट पत्र्यापर्यंत. सगळ्यात खालच्या गठ्ठ्याला बोट लावा. पुठ्ठा मऊ लागतो. पावसाळ्यात फरशीची ओल चढली. यात माल भरून वर दुसरं खोकं ठेवलं की खालचं बसतं.

वर्षाला १२,००० खोकी लागतात, दर महिन्याला साधारण सारखीच. मालक ६,००० एकदम मागवत आले, कारण टेम्पोच्या फेऱ्या वाचतात. टेम्पोचं भाडं बिलावर दिसतं. थप्पीचं बिल मात्र कुणी पाठवत नाही. अडकलेल्या पैशावरचं व्याज, अडलेली जागा, ओल लागून वाया गेलेली खोकी, हे सगळं मालकाच्याच खिशातून जातं.

(दृश्य: वही, पेन, आकडे.)

एका ऑर्डरमागे टेम्पो, हमाली आणि तपासणी मिळून ६०० रुपये. अकाउंटंटचा पगार यात धरलेला नाही, आणि तेच बरोबर आहे; ऑर्डर दिली नाही तरी तो द्यावाच लागतो. एक खोकं वर्षभर सांभाळायला १० रुपये.

६,००० मागवली की वर्षात दोनच ऑर्डरी, म्हणजे १,२०० रुपये. पण सरासरी ३,००० खोकी पडून राहतात आणि त्यांचे होतात ३०,०००.

ऑर्डर लहान केली की सांभाळण्याचा खर्च उतरतो, मागवण्याचा चढतो. दोन्ही जिथे सारखे होतात तिथे बेरीज सगळ्यात कमी. फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्ये हे सूत्रात बसवलं: वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग सांभाळण्याचा खर्च आणि मग वर्गमूळ. इथे उत्तर येतं १,२००. वर्षाला दहा ऑर्डरी. ६,००० रुपये मागवण्याचे, ६,००० रुपये सांभाळण्याचे.

(दृश्य: टेम्पोत खोकी चढतात.)

 समजा एका वेळी १,५०० मागवली तर? खर्च १२,३००. फरक फक्त ३०० रुपयांचा. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. पुरवठादार ६,००० वर खोक्यामागे एक रुपया सोडायला तयार होता. वर्षाला १२,००० वाचले असते, तरीही एकूण खर्च १९,२०० वर गेला असता. मालकांनी नाही म्हटलं.

(दृश्य: द्राक्षांचं पॅकहाउस.)

निफाडच्या या पॅकहाउसला मात्र हे गणित असं लावता येत नाही. इथे खोकी लागतात ती द्राक्षाच्या हंगामात. बाकीचे महिने जवळपास काहीच नाही. मागणी वर्षभर सारखी असेल तरच हे सूत्र चालतं.

आणि किती मागवायची हे ते सांगतं, कधी मागवायची हे नाही. अंबडला खोकी यायला आठवडा लागतो, आठवड्याला साधारण २३० खपतात. म्हणून भिंतीवर खडूची रेघ मारली आहे. थप्पी ३०० वर आली की सुपरवायझर फोन लावतो.