पाणी देणाऱ्या यंत्रणेचा गोषवारा

श्रोतेहो, नमस्कार. कुंडीतल्या झाडाला आपोआप पाणी देणारी छोटी यंत्रणा हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक नेहमीचा प्रकल्प आहे. मातीत सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, रिले आणि छोटा पंप, एवढ्यावर तो उभा राहतो. आज मी बोलणार आहे ते या प्रकल्पाच्या अहवालातील गोषवाऱ्याबद्दल, म्हणजे ज्याला विद्यार्थी ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात त्या साधारण 150 ते 250 शब्दांच्या एका परिच्छेदाबद्दल.

हा परिच्छेद बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. आरंभी पाणीटंचाईवर तीन-चार वाक्ये, मग वापरलेल्या सुट्या भागांची यादी आणि शेवटी ‘ही यंत्रणा पाण्याची मोठ्या प्रमाणावर बचत करते’ हे विधान. परीक्षकाची पेन्सिल थांबते ती या शेवटच्या वाक्यापाशी, कारण बचत किती झाली, कशाच्या तुलनेत झाली आणि किती दिवस पाहिली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. माझ्या मते गोषवाऱ्याचे निम्मे शब्द या उत्तरांसाठी राखून ठेवावेत आणि टंचाईवरची वाक्ये प्रस्तावनेच्या प्रकरणात हलवावीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गटाने कपॅसिटिव्ह प्रकारचा ओलावा सेन्सर वापरला. हा सेन्सर मातीतून थेट वीज जाऊ देत नाही, म्हणून उघड्या धातूच्या दोन टोकांच्या रेझिस्टिव्ह सेन्सरसारखा तो लवकर गंजत नाही. त्यांच्या सेन्सरचे वाचन कोरड्या हवेत 520 आणि पाण्यात 260 येते, म्हणजे माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. आता पंप केव्हा सुरू करायचा? 400 ही एकच मर्यादा ठेवली, तर वाचन 398 आणि 402 यांच्यामध्ये हेलकावे खात असताना रिले सारखा चालू-बंद होत राहतो. म्हणून गटाने दोन मर्यादा ठेवल्या: वाचन 430 च्या वर गेले की पाणी देणे सुरू करायचे आणि ते 370 च्या खाली आले की थांबवायचे. शिवाय पंपातून पडलेले पाणी सेन्सरपर्यंत झिरपायला वेळ लागतो, हे ओळखून त्यांनी पंप प्रत्येक वेळी फक्त 5 सेकंद चालवला, 10 मिनिटे वाट पाहिली आणि मगच पुन्हा वाचन घेतले. ही वाट पाहिली नाही, तर वाचन उतरेपर्यंत कुंडीच्या तळातून पाणी वाहू लागलेले असते. गोषवाऱ्यात रचनेबद्दल एकच वाक्य लिहायचे असेल, तर ते या दोन मर्यादांचे आणि या थांबण्याचे असावे, कारण विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करून घेतलेला निर्णय तो आहे. रिले किती व्होल्टचा होता, ही माहिती आतल्या प्रकरणात शोभते.

इथे एका गोष्टीबद्दल सावध राहायला हवे. प्रोग्रॅममध्ये 520 ला शून्य टक्के आणि 260 ला शंभर टक्के मानून पडद्यावर ‘ओलावा 40%’ असे दाखवणे सोपे असते, पण तो मातीतला ओलावा नव्हे. ती हवा आणि पाणी यांच्यामधली एक पट्टी आहे. मातीतला ओलावा टक्क्यांत सांगायचा, तर मातीचा नमुना ओला असताना तोलावा लागतो, 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा तोलावा लागतो आणि त्यावरून सेन्सरच्या वाचनाशी मेळ घालावा लागतो. हे केले नसेल, तर गोषवाऱ्यात ‘सेन्सरचे वाचन’ असेच लिहावे. त्याने प्रकल्प लहान ठरत नाही.

आता निष्कर्षाकडे येऊ. गटाने पंपाचे पाणी मोजपात्रात धरले आणि 5 सेकंदांत 100 मिलिलिटर येते हे पाहिले. पंपाच्या वेष्टनावरचा आकडा त्यांनी घेतला नाही हे योग्यच झाले, कारण पाणी उंच चढवावे लागले की प्रवाह घटतो. 14 दिवसांत यंत्रणेने 7 वेळा पाणी दिले आणि प्रत्येक वेळी 3 मात्रा लागल्या, म्हणजे एकूण 2.1 लिटर. शेजारी तशाच कुंडीत, तशाच मातीत, तशाच रोपाला हाताने रोज 200 मिलिलिटर पाणी घातले, ते झाले 2.8 लिटर. फरक 0.7 लिटरचा, म्हणजे बचत 25 टक्के.

हा आकडा बरोबर आहे, तरीही तो एकटा लिहिला तर दिशाभूल करतो. हाताने घालायचे रोजचे पाणी 200 ऐवजी 150 मिलिलिटर ठरवले असते, तर 14 दिवसांत तेही 2.1 लिटरच भरले असते आणि बचत शून्यावर आली असती. म्हणजे ते 25 टक्के यंत्रणेइतकेच तुलनेसाठी निवडलेल्या मापावरही अवलंबून आहेत. म्हणून टक्केवारीच्या सोबत ते माप त्याच वाक्यात यायला हवे. आणि माझ्या दृष्टीने या प्रकल्पाचा खरा निष्कर्ष वेगळाच आहे: माणसाने हात न लावता सेन्सरचे वाचन ठरवलेल्या पट्ट्याच्या आसपास टिकून राहिले का? ते टिकले असेल, तर तेच आधी सांगावे.

या सगळ्यातून तयार होणारा गोषवारा असा वाचता येईल:

‘कुंडीतील एका रोपाला मातीच्या ओलाव्यानुसार पाणी देणारी स्वयंचलित यंत्रणा तयार करण्यात आली. कपॅसिटिव्ह सेन्सरचे वाचन 430 च्या वर गेल्यावर पाणी देणे सुरू होते व 370 च्या खाली आल्यावर थांबते. पाणी 100 मिलिलिटरच्या मात्रांमध्ये दिले जाते आणि दोन मात्रांमध्ये 10 मिनिटांचे अंतर ठेवले जाते. 14 दिवसांच्या चाचणीत वाचन 360 ते 445 या दरम्यान राहिले व एकूण 2.1 लिटर पाणी लागले. रोज 200 मिलिलिटर पाणी हाताने घातलेल्या समान कुंडीपेक्षा हे 25 टक्के कमी आहे. चाचणी प्रत्येकी एकाच कुंडीवर व एकाच प्रकारच्या मातीत घेतली असून, माती बदलल्यास मर्यादा नव्याने ठरवाव्या लागतील.’

यातले शेवटचे वाक्य अनेकजण गाळतात, कारण त्यामुळे गुण कमी होतील अशी भीती वाटते. प्रत्यक्षात चिकणमाती आणि वाळूमिश्रित माती यांच्यात तोच सेन्सर वेगळे वाचन देतो हे परीक्षकाला ठाऊक असते, आणि तोंडी परीक्षेत तो हेच विचारतो. हे वाक्य आधीच लिहिलेले असेल, तर पुढची चर्चा नव्या मर्यादा कशा ठरवाल यावर सुरू होते.

अहवाल बांधायला देण्यापूर्वी गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा निष्कर्षाच्या प्रकरणातील तक्त्याशी ताडून पाहा. पंप किंवा नळी मध्येच बदलली असेल, तर 5 सेकंदांचे पाणी पुन्हा मोजपात्रात धरा. ते 100 ऐवजी 90 मिलिलिटर भरले, तर बदलानंतर दिलेल्या सर्व मात्रांचा हिशेब, त्यावर उभा असलेला 2.1 लिटरचा आकडा आणि 25 टक्के, हे तिन्ही दोन्ही ठिकाणी दुरुस्त करावे लागतात.