ध्रुवपद एकदाच ऐकून तोंडी बसावं म्हणून

मंडळी, नवी आरती लिहिणारे बहुतेक जण कडव्यांवर घाम गाळतात आणि ध्रुवपद शेवटी उरकतात. माझ्या मते काम उलट्या क्रमाने व्हायला हवं. कडवी सांगणारा एकटा सांगेल, कागदावरून वाचली तरी चालतील. ध्रुवपद मात्र समोरच्या दोनशे माणसांनी म्हणायचं असतं. त्यांच्या हातात कागद नसतो, टाळ असतात किंवा लेकरू असतं. पहिल्या कडव्यानंतर ते एकदा कानावर पडतं आणि दुसऱ्या कडव्यानंतर तोंडातून यावं लागतं. मध्ये तालीम नाही.

हे कसं जमतं ते ‘सुखकर्ता दुःखहर्ता’मध्ये बघा. ‘जय देव जय देव जय मंगलमूर्ती’ या ओळीत नवं काय आहे? फक्त ‘मंगलमूर्ती’. ‘जय देव जय देव’ आपण शंकराच्या आरतीत म्हणतो, पांडुरंगाच्या आरतीत म्हणतो, मारुतीच्याही. म्हणजे ओळीचा अर्धा भाग लोक घरूनच घेऊन आलेले असतात. कवीने फक्त रिकाम्या जागी देवाचं नाव घातलं. बरं, ध्रुवपद संपल्यावर आपण ‘जय देव जय देव’ पुन्हा एकदा म्हणतो. त्यात सांगणाऱ्याला श्वास मिळतो, आणि ज्याला मधलं काही आलं नाही तोही शेवटी सगळ्यांबरोबर येतो.

आता लोक चुकतात कुठे? ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ होतं, ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’. पिढ्यानपिढ्या हसतो आपण याला. पण लिहिणाऱ्याने हसण्याआधी एक गोष्ट टिपावी: या दोन्ही चुका कडव्यातल्या आहेत. सामासिक किंवा रोजच्या बोलण्यात नसलेला शब्द आला की कान त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवतो. ‘संकष्टी’ तर दर महिन्याला येते, ती तोंडात तयारच असते. कडव्यात हे खपतं, कारण पुढची ओळ सांगणाऱ्याच्या हातात असते. ध्रुवपदात असा शब्द घातलात तर अर्धी गर्दी एक म्हणते, अर्धी दुसरं, आणि उरलेले गप्प बसतात.

आता प्रत्यक्ष करून बघू. कृष्णा नदीची आरती लिहायची आहे, घाटावर म्हणायला. पहिला मोह असा होतो:

जय जगदुद्धारिणि कृष्णे पावनकारिणि
सह्याद्रिनंदिनि सकलपापहारिणि

कागदावर भारदस्त दिसतं, पण घाटावर बुडतं. चार शब्दांचा शेवट ‘-रिणि’ किंवा ‘-दिनि’, त्यामुळे आधी कारिणि की हारिणि हे एकदा ऐकून कुणालाच लक्षात राहत नाही. श्वास घ्यायला जागा नाही. आणि ओळ ऱ्हस्व ‘णि’वर संपते, तिथे सूर ओढायलाच काही नाही. ‘येई हो विठ्ठले’ म्हणताना सगळं देऊळ कुठे एकत्र येतं ते आठवा. ‘ये’ ओढतात तिथे. टाळ-झांजांच्या आवाजात व्यंजनं ऐकूच येत नाहीत, पोचतात ते दीर्घ स्वर. मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला नाही तरी ‘आऽ’ आणि ‘ईऽ’ कळतो, आणि त्यावर तो सामील होतो.

म्हणून ओळखीचं अर्धं आधी मांडायचं: ‘जय देवी जय देवी’. पुढे नाव, आणि तेही लोक नदीला मारतात त्याच हाकेचं: ‘जय कृष्णामाई’. मात्रा मोजा. ‘जय देवी जय देवी’ बारा, ‘जय कृष्णामाई’ दहा, ओळ दीर्घ ‘ई’वर थांबते. आता दुसरी ओळ याच मापाची हवी आणि यमक ऐकणाऱ्याला आधीच सुचायला हवं. ‘माई’ म्हटल्यावर ‘आई’ कुणालाही सुचते. हे यमक फार स्वस्त आहे असं कवी मंडळी म्हणतील. म्हणू द्या, इथे स्वस्तच हवं. ओळ संपायच्या आत लोकांनी शेवटचा शब्द ओळखला पाहिजे.

मग मागणं काय? नदीकडे काय मागणार, वाहती राहा एवढंच. ‘ओवाळू दीप तुला, वाहत जा आई’. मात्रा जुळतात, बारा आणि दहा. पण कुणी तरी आजी लगेच अडवणार: देवाला ‘जा’ म्हणतात का रे? खरं आहे, आपण स्वतः निघतानासुद्धा ‘येतो’ म्हणतो. एक अक्षर बदललं:

जय देवी जय देवी जय कृष्णामाई
ओवाळू दीप तुला, वाहत ये आई

‘जा’च्या जागी ‘ये’, मात्रा तेवढ्याच, स्वर दीर्घच. आणि वाईकर ‘कृष्णाबाई’ म्हणतात, तर तिथे ‘माई’चं ‘बाई’ करा. माप बिघडत नाही, यमकही टिकतं. गावोगाव फिरणाऱ्या आरतीला ही सोय लागते.

आता कडवं. त्याचं एक काम गोष्ट सांगायचं, दुसरं गर्दीला ‘आता तुम्ही’ असं कळवायचं. जुन्या आरत्या हे यमकाने करतात. गणपतीच्या पहिल्या कडव्यात ‘विघ्नाची, जयाची, शेंदुराची, मुक्ताफळांची’ असे चार ‘ची’ येतात, चौथा आला की हात आपोआप टाळीला तयार होतात. तसंच इथे:

सह्याद्रीच्या पोटी जन्म तुझा झाला
वाईच्या घाटावर सोहळा रंगला
कऱ्हाडी कोयनेने हात तुझा धरला
सुकलेल्या रानाला जीव पुन्हा आला

चौथ्या ‘ला’वर सांगणाऱ्याने किंचित रेंगाळायचं आणि ‘जय’ मात्र ठामपणे समेवर टाकायचा. काही हौशी लोक पाच ओळींचं कडवं लिहितात. चौथ्या ओळीनंतर गर्दी ‘जय देवी’ सुरू करते आणि पाचवी ओळ कुणाला ऐकूच येत नाही. प्रत्येक कडव्याचं यमक वेगळं असलं तरी चालेल, ओळींची संख्या बदलायची नाही.

चालीबद्दल थोडक्यात. ध्रुवपद पाच-सहा सुरांच्या आत ठेवा आणि त्याचा सर्वांत वरचा सूर सांगणाऱ्याच्या नाही, लहान मुलांच्या आणि आजोबांच्या गळ्यात बसतो का ते बघा. नवे शब्द आणि नवी चाल एकदम देऊ नका. शब्द नवे असतील तर चाल ओळखीची ठेवा.

घाटावर जाण्याआधी घरी तपासता येतं. आरती न पाहिलेल्या कुणाला ध्रुवपद एकदाच म्हणून दाखवा, मग चहापाण्याच्या गप्पा मारा, आणि नंतर म्हणायला सांगा. तो एखादा शब्द बदलून म्हणाला तर त्याला दुरुस्त करू नका, वहीत त्याचा शब्द लिहा. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी तोच बदल केला तर तिथे तुमचा शब्द चुकीचा आहे. प्रत्यक्ष आरतीत दुसऱ्या ध्रुवपदाकडे कान ठेवा. आवाज ‘जय देवी’ला मोठा, मधे गुणगुण आणि ‘आई’ला पुन्हा मोठा, असं झालं तर ‘ओवाळू दीप तुला’ हा तुकडा अजून बसलेला नाही. तिसऱ्या वेळीही गुणगुणच राहिली, तर पुढच्या वर्षी तो तुकडा बदला, सांगणाऱ्याला मोठ्याने ओरडायला लावू नका.

ही सगळी युक्ती ‘जय देवी’ आधीपासून ठाऊक असलेल्या गर्दीवर उभी आहे. ज्यांच्या कानावर आरत्या पडलेल्याच नाहीत अशांसमोर दुसरी ओळ पूर्ण सोडून द्या आणि फक्त ‘जय देवी जय देवी जय कृष्णामाई’ दोनदा म्हणा.